उताराचं वाक्य

जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून आमच्या घरातले सगळे अर्ज मीच लिहायचे. दहावीतली पोरगी, पण गॅसवाल्यापासून बँकेपर्यंत माझंच मराठी चालायचं! म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, संपादकांना लिहिलेलं पत्र टाइप करायला माझ्याकडेच दिलं.

आबा बांधकाम खात्यात मुकादम होते. आजीला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत. आमच्या गल्लीच्या टोकाला उदगीर नगरपरिषदेची बाग आहे, पण दारातच तीन पायऱ्या. आजी जाळीच्या बाहेरूनच आतल्या बायांशी बोलायची आणि आबांना म्हणायची, "एकदा त्या लिंबाखाली न्या की मला. मग काय व्हायचं ते होऊ द्या."

पत्रात आबांनी सगळं मोजून लिहिलं होतं. बाकांना पाठ नाही, हात नाहीत, म्हातारा बसला की उठताना धरायला काही नाही. पश्चिमेला सावली नाही, चार वाजता बाक तव्यासारखे तापतात. आणि दाराशी रॅम्प हवा : "पायऱ्यांची उंची दोन फूट आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी या हिशोबाने चोवीस फुटांचा उतार करावा, मध्ये टेकायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना पाइप व खरबरीत कोबा असावा."

वाचकांच्या पत्रांना मर्यादा दीडशे शब्दांची. पत्र एकशे साठच्या वर.

"आबा, हे संपादकाला हाय, बांधकामाच्या गुत्तेदाराला न्हाई. आकडे कोण वाचतंय?"

"ज्याला काम करायचंय त्यो तेवढंच वाचतंय, बाई. बाकीचं काढ, ते राहू दे."

पण बाकीचंच तर पत्र होतं! मी उताराचं वाक्य काढलं. तिथं नुसतं 'आणि रॅम्प करावा' ठेवलं. शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं : 'ज्या हातांनी हे शहर उभं केलं, त्या हातांना आज आधार हवा आहे!' एकशे अठ्ठेचाळीस शब्द. खाली आबांचं नाव, पत्ता, मोबाइल. दुसऱ्या दिवशी पेपरच्या कचेरीतून फोन आला, पत्र तुमचंच का म्हणून. आबा म्हणाले, "हाव, माझंच."

गुरुवारी छापून आलं. माझं वाक्य जसंच्या तसं! आबांनी बोट फिरवत वाचलं आणि थांबले. "उताराचं त्यांनी गाळलं वाटतं."

"हाव," मी म्हणाले. "गाळलं असंल."

एवढंच म्हणाले मी.

पत्राची दखल घेऊन नगरपरिषदेनं आठ दिवसांत काम काढलं. पाठीचे चार बाक आले, सावलीला हिरवी जाळी ताणली. रॅम्प एका दिवसात झाला : सहा फुटांचा, गुळगुळीत, पाइप नाही. आबा तडक नगरपरिषदेच्या कचेरीत गेले, मी सोबत होते. अभियंत्यांच्या फाइलमध्ये कात्रण लावलेलं होतं.

"काका, रॅम्प मागितला, रॅम्प दिला. लांबी कुठं लिहिलीय यात?"

"लिहिली होती. पेपरवाल्यांनी काढली."

"मग पेपरला पाठवलेलं मूळ पत्र आणा. बघतो."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मोबाइल माझ्या हातात होता. "डिलीट झालं," मी म्हणाले.

आबा आजीला आठवडाभर थोपवून होते. पण बायांनी तिला आतून हाका मारल्या, आणि ती ऐकेना. वर चढवताना खुर्ची तिघांनी धरली. दोन तास ती लिंबाखाली बसली, ओळखीच्या प्रत्येक बाईला नावानं हाक मारत. उतरताना आबा एकटेच होते, पाठीमागून खुर्ची धरून. खुर्चीनं सहा फुटांत त्यांनाच ओढून नेलं. आबांचा गुडघा फुटला. आजी रस्त्यावर पडली, खुब्याचं हाड मोडलं.

लातूरच्या डॉक्टरांनी हृदय तपासून सांगितलं, ऑपरेशन झेपणार नाही, पडूनच राहावं लागेल. ती वॉर्डात कूस बदलताना ओरडायची. मग थोडा वेळ शांत.

तिथंच, तिच्या खाटेशेजारी, आबांनी वहीवर दुसरं पत्र लिहिलं आणि माझ्याकडे दिलं. 'संपादक महोदय, आपण माझ्या पत्रातील मोजमाप वगळल्यामुळे माझी पत्नी...'

मी पहिली ओळ टाइप केली. दुसरी होईना.

"आबा, त्यांनी न्हाई काढलं. मी काढलं."

आजी कण्हली. आबांनी तिच्या ओठांना ओला कापूस लावला, पुन्हा लावला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"कामून?"

"छान दिसंना म्हणून."

आबांनी वहीतलं पान फाडलं. "तर तसं लिही. नाव तुझं टाक. आन् मापं सगळी लिही."

मी लिहिलं. वाचून दाखवू का विचारलं.

"नगं," आबा म्हणाले आणि आजीकडे तोंड करून बसले.