सासूच्या तोंडचं वाक्य

मासिकाच्या संपादिकेला छापायला आलेली कथा सपक वाटली. सासू आणि सून एकाच सुरात बोलत होत्या, वर दर ओळीला ‘म्हणाली’ होतंच. तिने बरीचशी ‘म्हणाली’ उडवली, सुनेची वाक्यं तुटक केली आणि कथेतल्या सासूला घरच्या सासूबाईंचा टोमणा दिला: “आमचं काय बाई, आम्हाला कोण विचारतं!” आता नाव झाकलं तरी कोण बोलतंय ते कळत होतं.

संध्याकाळी सासूबाई तेच कागद वाचताना दिसल्या. ती दारातच थबकली. ओळखलं की काय? म्हातारी गालात हसतेय कशाला?

सासूबाईंनी चष्मा काढला. “ही सासू हुबेहूब तुझ्यासारखी बोलते गं.”

तिचा पारा चढला. “असेल! आमचं काय बाई, आम्हाला कोण विचारतं!”