तयार मिनिटाचा दर

माझं दरपत्रक मी स्वतः लिहिलं होतं, आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता. मोबाईलवर कोणी "ताई, आवाजाचं काय घेता?" विचारलं की मी बोलत बसत नसे, थेट ते पाठवून देत असे. तयार मिनिटाला पाचशे रुपये. दुरुस्तीची एक फेरी त्यातच. जाहिरातीसाठी वापर केल्यास त्याचे पैसे वेगळे. जास्तीच्या प्रत्येक भाषेचे वेगळे. खाली माझं नाव, उज्ज्वला, आणि गाव वडवणी.

तयार मिनिट म्हणजे काय, हे समजावता समजावता माझा घसा बसायचा. मी दोन तास वाचलं, तीन वेळा चुकले, मध्येच शेजारची शेळी ओरडली म्हणून पुन्हा वाचलं, ते सगळं माझं मरण. कापून, साफ करून जेवढं ऐकायला मिळेल तेवढ्याच मिनिटांचे पैसे. तरी लोक म्हणायचे, "चार मिन्टाचे दोन हजार? नुसतं बोलायचं तर हाय." माझा नवरा सोमनाथ बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. तो म्हणायचा, "त्यांना म्हण, तुमी बोला मंग." आमच्या मागच्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद, आणि त्यात मी घामाघूम होऊन "नमस्कार मैत्रिणींनो" म्हणत असायचे. तो माझा स्टुडिओ.

उन्हाळ्यात बीडच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. रामप्रसाद नावाचे मॅनेजर, बोलणं एकदम गोड. बायकांच्या दुखण्यांविषयी माहिती हवी होती, हॉस्पिटलात बसलेल्या बायकांसाठी टीव्हीवर लावायला. मजकूर त्यांच्याकडच्या एका डॉक्टर मॅडमनी लिहिलेला, आणि तो फार चांगला होता. अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं, पाळीत जास्त जाणं, यावर आधी तपासणी, मग औषधं. त्यातलं एक वाक्य मी मुद्दाम सावकाश वाचलं होतं: पिशवी काढण्याचं ऑपरेशन हा शेवटचा उपाय आहे, त्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका आमच्याकडे तिशी-पस्तिशीत पिशवी काढून मोकळ्या होतात. पाळी आली की कामाचा खाडा पडतो, म्हणून. माझ्या चुलत जावेची काढली, शेजारणीची काढली. वाटलं, चला, एक तरी चांगलं काम माझ्या तोंडून झालं.

तीन मिनिटं चाळीस सेकंद भरली, म्हणजे चार मिनिटं. दोन हजार झाले. रामप्रसाद पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करत होते. मी विचारलंही होतं, "जाहिरातीला वापरणार का? त्याचे एका जिल्ह्याला, एका वर्षाला बारा हजार होतील."

"न्हाई हो ताई, आपल्या टीव्हीपुरतंच. लिहून देतो की."

आणि त्यांनी खरंच लिहून पाठवलं. मी ते जपून ठेवलं.

दिवाळीच्या आधी, आठवडी बाजारात मी कांदे निवडत होते. मागून भोंग्याची रिक्षा आली आणि माझाच आवाज माझ्या पाठीवर पडला.

"मैत्रिणींनो, कंबर दुखते? अंगावरून जातं? दुर्लक्ष करू नका. पिशवी काढण्याचं ऑपरेशन. घाबरू नका. आजच भेटा."

पुढं एका पुरुषाचा आवाज, हॉस्पिटलचं नाव, फोन नंबर, ऊसतोड महिलांसाठी खास सूट. मी कांदे तिथंच टाकले. प्रत्येक शब्द माझा होता. "घाबरू नका" मी तपासणीविषयी म्हटलं होतं. "आजच भेटा" हे गावातल्या आशा सेविकेला भेटण्याविषयी. आणि "हा शेवटचा उपाय आहे" एवढंच नेमकं कापलं होतं. कापणाऱ्याचा हात सफाईदार होता, जोड कुठं कळत नव्हता.

कांदेवाली हसून म्हणाली, "उज्ज्वलाताई, तुमीच हाव न्हवं? आमी लगीच वळखलं." आजूबाजूच्या बायका कौतुकानं बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन लावला तर रामप्रसाद शांत. "ताई, आपलंच काम हाय. तुमचं नाव व्हायला लागलंय."

"तुम्ही ते वाक्य कापलं. ते परत घाला. मी फुकट वाचून देते, नवीन पाठवते, एक पैसा नको."

"तीस सेकंदात बसत न्हाई, ताई. रिक्षावाला फेरीवर पैसे घेतो."

"मग बंद करा. तुम्ही फक्त टीव्हीपुरतं म्हणाला होतात, माझ्याकडं लिहिलेलं आहे."

"बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी रिक्षा पुन्हा आली.

इथं मी जी चूक केली ती दुसऱ्या कोणी केली नसती. चारचौघी बायका तिथं जाऊन भांडल्या असत्या. मी दरपत्रक काढलं. सोमनाथ म्हणाला, "बिल पाठव. जाहिरातीचे बारा हजार. पन्नास रुपयांसाठी रडणारा माणूस बारा हजार देतोय व्हय? बिल बघून गप रिक्षा बंद करतो का न्हाई बघ." मलाही ते पटलं. मला पैसे नकोच होते. मला ती रिक्षा बंद व्हायला हवी होती, आणि मोठा आकडा बघून माणूस मागं सरतो एवढंच मला धंद्यानं शिकवलं होतं. मी व्यवस्थित बिल केलं: जाहिरात वापर, बीड जिल्हा, एक वर्ष, रुपये बारा हजार. पाठवलं आणि निवांत चहा ठेवला.

चहा उकळायच्या आत पैसे आले.

पूर्ण बारा हजार, एक रुपया कमी नाही. मागोमाग रामप्रसादांचा निरोप: "बिलाप्रमाणे दिले. पावती द्या. आता एक वर्ष आपल्याकडं परवानगी." त्याखाली आणखी एक: "तांड्यांवर फिरवायला गोरमाटीत पण पाहिजे. तुमच्या पत्रकात जास्तीची भाषा दिलीय. तीस सेकंद म्हणजे एक मिनिट धरा. पाचशे, वर जाहिरातीचे निम्मे, सहा हजार. बरोबर ना?"

बरोबर होतं. माझाच हिशोब होता. बंजारा तांड्याशेजारी वाढले म्हणून त्यांची गोरमाटी बोली येते, हेही मीच मोठ्या हौसेनं लिहिलेलं. मी पैसे परत पाठवले. त्यांनी पुन्हा पाठवले. मग फोन केला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा कडक झाला.

"ताई, मी न सांगता वापरलं म्हणून तुमी तक्रार केली, मी मान्य केलं. तुमी किंमत सांगितली, मी घासाघीस न करता दिली. आता अजून काय? विकायचं नव्हतं तर दर कावून लिवला?"

फोन कानाला धरूनच मी पत्रक पुन्हा वाचलं. पत्रकात सगळं होतं: किती मिनिटं, कोणता जिल्हा, किती भाषा. "कापायचं नाही" आणि "हे विकणार नाही" एवढ्या दोन ओळी नव्हत्या. त्या लिहिल्या असत्या तर फुकट बसल्या असत्या. सोमनाथ खाली मान घालून झेरॉक्सचे कागद जुळवत राहिला. गोरमाटीचं काम मी नाकारलं. रामप्रसाद म्हणाले, "काय हरकत न्हाई, दुसरीकडून करून घेतो."

चार दिवसांनी वत्सलामावशीच्या घरी गेले. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, चाळीसची, शेळ्या राखते आणि दरसाल ऊसतोडीला जाते. कंबर दुखते म्हणून ती वर्षभर कण्हत होती. तिला समोर बसवून सगळं सांगायचं ठरवून गेले होते. दाराला कडी होती आणि शेळ्या शेजारणीच्या दावणीला. शेजारीण म्हणाली, "ती बीडला गेली. चौघीजणी जीपनं गेल्यात. टोळी निघायच्या आत उरकून घ्यायचं म्हनली."

वडवणीहून बीडची एसटी मिळायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी रामप्रसादांना सात वेळा फोन केला, त्यांनी एकदाही उचलला नाही.

हॉस्पिटलात भिंतीवर टीव्ही होता. त्याच्यावर माझी चार मिनिटं लावायची होती, पण तिथं कुठली तरी मालिका चालू होती, आवाज बंद करून. मावशी बाकावर बसली होती, हाताला सुई टोचून पट्टी लावलेली, अंगठ्याला कागदावर ठसा दिल्याची निळी शाई.

मी तिच्या पायाशीच बसले. "मावशे, ऊठ. घरी चल. आपण दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. आधी औषधं घ्यायची असतात. ते भोंग्यावरचं मी तसं म्हटलेलं नाही, अर्धं कापलंय गं त्यांनी."

"तुझाच आवाज हाय की."

"माझाच आहे. पण मी पुढं म्हणाले होते, हा शेवटचा उपाय आहे म्हणून. ते काढून टाकलंय."

मावशीनं माझ्याकडं नीट बघितलं. माझा आवाज चिरकत होता, नाक वाहत होतं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

"उज्ज्वले, तू आता घाबरलीस. माझ्यावर जीव हाय म्हणून असं बोलतीस. भोंग्यात लई शांत बोललीस बघ, डाक्टरनीवानी. आमी चौघीबी त्येच ऐकून आलाव. म्या तर समद्यास्नी सांगितलं, माझ्या बहिनीची पोर हाय, ती खोटं न्हाई बोलायची."

मी तिचा दंड धरून ओढला, तिनं तो हळूच सोडवून घेतला.

नर्स कागद घेऊन आली. "वत्सलाबाई, चला." मग माझ्याकडं बघून थबकली. "तुमी त्याच ना, भोंग्यावरच्या? मॅनेजर साहेबांनी सांगितलंय, तुमच्या पेशंटचे दोन हजार कमी घ्यायचे."

"बघ," मावशी खूश होऊन म्हणाली, "तुझ्यामुळं." तिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या, पिशवी दिली, गळ्यातलं काढून पिशवीत टाकलं. बाकीच्या तिघी माझ्याकडं बघून हसल्या. त्यांनाही सूट मिळेल का, असं एकीनं विचारलं.

मावशी नर्सच्या मागं चालत गेली. बाहेर रस्त्यावरून रिक्षा चालली होती. घाबरू नका, मी म्हणत होते, आजच भेटा. दाराशी मावशीनं ते ऐकलं, माझ्याकडं वळून मान हलवली, आणि आत गेली.