फ्लेक्सवरचा मान्सून

नकाशा फ्लेक्सवर छापून आला तेव्हा तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्यातल्या साहेबांची गाडी काशीदच्या पुढे निघाल्याचा फोन येऊन गेला होता. भूगोलाच्या प्रणाली मॅडमनी गुंडाळी उलगडली आणि तशीच प्राचार्यांच्या टेबलावर पसरली.

त्यांनी जुलैतल्या एका दिवसाचा साधा हवामान नकाशा काढून दिला होता. समदाब रेषा, वाऱ्याचे बाण आणि कोकण किनाऱ्याला समांतर अशी कमी दाबाच्या पट्ट्याची तुटक रेषा, बस्स. चित्रकलेच्या सुजित सरांना ती तुटक रेषा फार उघडीबोडकी वाटली. त्यांनी पुस्तकातल्या दुसऱ्या नकाशावरचे निळे त्रिकोण उचलले आणि तिला तोरणासारखे लावून टाकले. खाली दक्षिण हिंदी महासागरात, नेमक्या जास्त दाबाच्या केंद्रावर, संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो.

"सर, हे त्रिकोण म्हणजे शीत आघाडी," मॅडम प्राचार्य चांगदेव सरांना म्हणाल्या. "थंड हवा उबदार हवेखाली घुसते, ती सीमा. मान्सूनमध्ये आपल्याकडे नसते ती."

"आता आहे," सर म्हणाले. "छापलंय ना? तेच शिकवा. साहेबांसमोर कॉलेजची चूक काढलीत, तर पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं माझ्याकडे विचारू नका."

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे नोकरी दर जूनला नव्याने उगवायची, उगवली तर.

आदर्श पाठाची कॉलेजची रीत ठरलेली होती. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. मॅडमनी उजव्यालाच विचारायचं. पाहुण्यांना वर्ग हुशार दिसतो.

साहेब मागच्या बाकावर बसले, शेजारी चांगदेव सर, खिडकीपाशी सुजित सर. पाठ सुरू झाला.

"उन्हाळ्यात वायव्य भारताची जमीन तापते, हवा वर जाते, तिथे दाब कमी होतो. मग जास्त दाब कुठे?"

"अध्यक्षांच्या खाली!" हेतल म्हणाली. वर्गात हशा फुटला. चांगदेव सर खोकले.

"बरोबर जागा आहे," मॅडम घाईने म्हणाल्या. "वारे तिथून निघतात, विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून, समुद्राची वाफ घेऊन, आपल्याकडे येतात. इथे समदाब रेषा दाटीने आहेत, म्हणून वारा जोराचा. पुढे सह्याद्री आडवा. हवा वर चढते, थंड होते, पाऊस पडतो."

पट्ट्याची रेषा त्यांनी शिताफीने ओलांडली. तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला, "आणि हे निळे त्रिकोण कसले हो?"

चांगदेव सरांनी डोळे वटारले. 'ही शीत आघाडी' एवढं एक वाक्य, आणि नेमणूक शाबूत. पण समोर साठ वह्या उघड्या होत्या, आणि त्यांत ते वाक्य परीक्षेपर्यंत राहणार होतं.

"मुलांनाच विचारू या," मॅडम म्हणाल्या. "इथे शीत आघाडी असू शकेल का? नकाशा वाचून सांगा."

ह्या प्रश्नाची तालीम झाली नव्हती. झाडून सगळे हात वर गेले, सगळे डावे.

"वा! सगळ्यांना येतंय," साहेब खूश झाले. "तू सांग."

दिपेश उठला. डावा हात वर असताना कुणी विचारलंय, हे त्याला पहिल्यांदाच घडत होतं. तो नकाशाकडे बघत राहिला. "थंड हवा... ह्या त्रिकोणांची टोकं समुद्राकडं हायत. टोक असतं तिकडं आघाडी सरकते ना, मॅडम?"

"हो."

"म्हंजे थंड हवा घाट उतरून समुद्रात चाललीय. पन बाण तर समुद्रातून येतायत!"

"आणि घाटात थंड हवा हाय कुठं?" अमिषा बसल्या जागेवरून म्हणाली. "दोन्ही बाजूला तोच दमट वारा."

"मग आघाडी न्हाय," दिपेशने निकाल दिला. "दोन वेगळ्या हवाच न्हायत, तर भांडण कुणाचं? नुसता कमी दाबाचा पट्टा हाय. तोरण कुनी लावलं?"

सुजित सर खिडकीबाहेर नारळ मोजू लागले. साहेब उठून फ्लेक्सजवळ गेले आणि त्यांनी त्रिकोणांच्या टोकांवरून बोट फिरवलं.

"मॅडम, ही चूक मुद्दाम ठेवली होती?"

मॅडमनी तोंड उघडलं. "नाही साहेब, ती..."

"मुद्दामच, साहेब!" चांगदेव सर पुढे धावले. "आमचा नवीन उपक्रम आहे. चूक शोधा, हवामान शिका. माझीच कल्पना."

साहेबांनी मॅडमचं अर्धं वाक्य ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी दिपेशची पाठ थोपटली आणि तालुक्यातल्या सगळ्या कॉलेजांना असाच नकाशा पाठवायला सांगितलं.

गाडी फाटकाबाहेर पडली तसे चांगदेव सर मॅडमकडे वळले. "नेमणूक नक्की समजा. नकाशात चुका पेरायचं काम तुमच्याकडेच. दर महिन्याला एक."

"आणि बरोबर नकाशा कधी शिकवू, सर?"

"तेही शिकवा की, वेळ उरला तर." सर दोन पावलं गेले आणि थांबले. "पण पुढच्या वेळी चूक कोणती, ते मुलांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. आज फार धाकधूक झाली."