खरवडलेला जस्ताचा थर

शाळेच्या सायन्स क्विझच्या टीममध्ये एकच जागा उरली होती आणि एका वर्कशीटवर एका मार्काने ती माझ्या गार्गीला मिळाली. दुसरा दावेदार तिच्याच दहावीतला रुचिर. मी लगेच इथल्या, सिंगापुरातल्या, सेरंगूनच्या भारतीय दुकानांत जाऊन पेढे आणले. आमच्याकडे आनंदाला दम निघत नाही.

वर्कशीटमध्ये विधान आणि कारण असे प्रश्न होते. दोन्ही वाक्यं खरी आहेत का ते आधी वेगवेगळं तपासायचं, मग कारणामुळेच विधान घडतं का ते ठरवायचं. घडत असेल तर ए, दोन्ही खरी पण त्या कारणामुळे विधान घडत नसेल तर बी. मुलं दोन्ही खरी दिसली की डोळे झाकून ए लिहितात. म्हणून गार्गी मधे ‘कारण’ घालून वाक्य मोठ्याने वाचते. वर्गात ते मनात वाचावं लागतं, तिथेच गडबड झाली.

पेढा खाता खाता ती मला वाचून दाखवत होती, “जस्ताचा थर खरवडला तरी लोखंड गंजत नाही, कारण तो थर हवा आणि पाणी लोखंडापर्यंत पोचू देत नाही.” आणि थांबली.

“आई, खरवडलंय तिथे थरच नाहीये. मग अडवणार कोण?”

“दोन्ही वाक्यं खरी आहेत ना?”

“खरी आहेत. पण तिथे लोखंड वाचतं ते जस्त जास्त रिअ‍ॅक्टिव्ह असल्यामुळे. आधी जस्त झिजतं. आन्सर बी आहे. मी ए लिहिलं आणि मॅडमच्या आन्सर-कीमध्येही ए आहे. रुचिरने बी लिहिलं, त्याचा मार्क कापला.”

मी पेढ्यांचा डबा बंद केला. “हे बघ, चूक मॅडमची आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस.”

“मी टीममध्ये आहे, ट्रू. मला सायन्स येतं, ते पण ट्रू. But this one not the reason, lah,” ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

मी चिडले, बरंच बोलले.

दुसऱ्या दिवशी तिने सुलेखा मॅडमना गाठलं. मॅडमनी वर्गासमोर चूक मान्य केली आणि मार्क बदलले. जागा रुचिरची झाली. घरी येऊन गार्गी बाथरूममध्ये रडली, तोंड धुऊन बाहेर आली आणि वरण-भात मागितला. मी वाढत होते आणि वाटत होतं, हिच्याएवढं धाडस मला या वयातही जमलं नसतं.

तेवढ्यात विश्वासचा, तिच्या बाबांचा, जहाजावरून फोन आला. “काय गं, झालं का सिलेक्शन?”

“नाही झालं,” मी म्हणाले.

माझ्या आवाजातला अभिमान ऐकून त्याने अभिनंदनच केलं.