दहाव्या आठवड्यातच

दवाखान्याने लसीकरणाच्या माहितीपत्रकाचं मराठी करायला दिलं, तेव्हा भाषांतरकार बाईंना ते हातचा मळ वाटलं होतं. मसुदा घेऊन त्या लसीकरणाच्या खोलीत गेल्या, तर सिस्टर म्हणाली, "मला काय दाखवता? बाहेर बसल्यात त्यांना वाचायला द्या."

बाहेर बाकावर एक तरुण आई बाळाला खांद्यावर थोपटत नंबराची वाट बघत होती. तिने कागद घेतला, ओठ हलवत वाचला, बाजूला ठेवला आणि पिशवी उचलून थेट दाराकडे निघाली.

"अगं, नंबर यायचाय ना तुझा?" बाई मागे धावल्या.

"आता काय उपयोग? ह्याला बारावा आठवडा लागलाय. सर्दी होती, सासूबाई म्हणाल्या थांब जरा. तुम्हीच लिहिलंय ना, दुसरा डोस दहाव्या आठवड्यातच." तिचे डोळे भरून आले होते.

बाईंना मूळ मजकूर आठवला. मूळ कागदावर नुसतं 'दहावा आठवडा' होतं. तो 'च' त्यांचा. वाक्याला जरा वजन यावं म्हणून ठोकलेला. नवरा नेहमी चिडवायचा, "तुझ्या 'च'पुढे कोर्टाचा निकालसुद्धा फिका."

"मला औषधातलं कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण सिस्टरला विचारू. मग हवं तर जा."

सिस्टरने बाळाचं कार्ड पाहिलं. "उशीर झालाय, पण आजच देऊन टाकू. पहिला डोस वाया जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. फक्त पुढचा आजपासून चार आठवड्यांनी. आणि साध्या सर्दीसाठी लस थांबवायची नसते बरं का. बाळ फारच आजारी वाटलं तर आधी आम्हाला विचारायचं."

सुई टोचली, बाळाने खोली डोक्यावर घेतली. आईने पदराआड घेताच गप्प झालं. तिचाही जीव भांड्यात पडला.

बाई शेजारी बसून मसुद्यावर काट मारू लागल्या. "तू सांग, कसं लिहू?"

"आठवडे मोजायचं भान कुणाला असतं? तारीखच द्या."

मग प्रत्येक डोससमोर एक मोकळी जागा आली: 'पुढची तारीख सिस्टर लिहून देतील.' पत्रकासोबतच भाषांतराला आलेल्या, मोबाइलवर पाठवायच्या आठवणीच्या निरोपातलं 'ठरलेल्या दिवशी उपस्थिती बंधनकारक' गेलं. त्या जागी आलं: 'बाळाच्या लसीची वेळ झाली आहे. तारीख चुकली तरी या, जमेल तितक्या लवकर या.'

"'तरी या'," आईने पुन्हा वाचलं. "एवढंच दिसायला हवं होतं मला."

सिस्टरने सगळं तपासलं, मगच ते छापायला गेलं.

चार आठवड्यांनी ती निरोप मिळताच आली, सासूबाईंना घेऊन. बाळ शिंकत होतं. सासूबाईच बाकावरच्या शेजारणीला सांगत होत्या, "एवढ्याशा सर्दीने काही अडत नाही हो. आम्ही विचारलंय."