पन्नासची दुसरी नोट

विमानातून उतरलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. इस्पितळात भेटायची वेळ चार ते पाच, आणि विमानतळापासून इस्पितळ टॅक्सीने पाऊण तास. हे गणित मी वाटेत इतक्यांदा केलं की शेजारी बसलेली भावजय शेवटी म्हणाली, "ताई, पुरे आता. उत्तर तेच येणार आहे."

माझा धाकटा भाऊ त्या इस्पितळात आठ दिवस पडून होता. आदल्या दिवशी डॉक्टरांनी फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "उद्याच या. परवाचं मी सांगू शकत नाही." आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी चौदाची. त्याचं नाक पुसण्यापासून त्याच्या लग्नाच्या याद्यांपर्यंत सगळं माझ्या हातून झालं. नोकरीसाठी तो परदेशी गेला त्याला नऊ वर्षं झाली. आधी दर वर्षी यायचा, मग एक वर्षाआड, मग नुसते फोन, आणि फोनही मलाच. बायकोशी बोलणं चार वर्षं बंद. घटस्फोट का नाही झाला असं कुणी विचारलं तर भावजय सांगायची, "दोघांनाही कागदपत्रांचा कंटाळा." ती शिवणकामावर घर चालवते. तिकिटांचे निम्मे पैसे तिने न मागता माझ्या हातावर ठेवले होते, मी कारण विचारलं नाही.

व्हिसा तिथे उतरल्यावरच मिळतो, हे तिकीटवाल्याने समजावून दिलं होतं. अर्ज, दोन फोटो, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि माणशी पन्नास डॉलर. फी रोखीतच. "सुटे देत नाहीत, म्हणून पन्नास-पन्नासच्या दोन नोटा घ्या. बाकीचे पैसे कार्डावर टाका, बाहेर पडल्यावर मशीनमधून काढता येतील," असं तो म्हणाला. मी तसंच केलं. नोटा अर्थात माझ्याकडे. बत्तीस वर्षं पतपेढीत रोखपाल होते मी, पैसे दुसऱ्याच्या पर्समध्ये राहिले तर मला झोप लागत नाही.

व्हिसाच्या दालनात शिरलो आणि दोघींनीही एकदमच श्वास सोडला. खांबांना पट्टे लावून वळवत नेलेली रांग, शंभर तरी माणसं. आमच्याबरोबर आणखी दोन विमानं उतरली होती. भिंतीलगत अर्ज भरायची उंच टेबलं, त्यांवर साखळीने बांधलेली पेनं. त्यांतली निम्मी कोरडी.

अर्ज मोठ्या अक्षरांत, काळ्या शाईत भरायचा होता. माझ्या पेनाची शाई निळी. शेजारच्या बाईंचं पेन मागून घेतलं. 'भेटीचे कारण' या ओळीत चौकोन होते: पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची भेट, इतर. भावजयीचं पेन तिथेच अडलं.

"नातेवाइकांवर खूण कर," मी म्हटलं.

"करते. पण खाली नातं विचारलंय."

"मग लिही ना, नवरा."

"लिहायला काय जातंय," ती म्हणाली, आणि तिने लिहिलं. राहण्याच्या पत्त्यात आम्ही डॉक्टरांनी पाठवलेल्या पत्रावरचा इस्पितळाचाच पत्ता टाकला. हॉटेल ठरवायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रांगेच्या तोंडाशी एक चष्मेवाला कारकून अर्ज तपासून मगच आत सोडत होता. त्याने माझा अर्ज ठीक म्हटला, भावजयीचे फोटो मात्र परत केले. मागची बाजू निळी होती, त्यांना पांढरी हवी. कोपऱ्यात फोटोचं खोकं होतं, तिथे कार्ड चालत होतं. तिथेही पाच माणसं होती. भावजय आत बसली, मी पडद्याबाहेर पर्स धरून उभी.

"हसू नका म्हणतंय मशीन," आतून आवाज आला.

"तू हसतेयस?"

"मी कुठे हसतेय? तोंडच असं आहे."

पहिला फोटो डोळे मिटल्यामुळे वाया गेला. दुसऱ्यात ती एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यायला बसल्यासारखी दिसत होती, पण मागची बाजू पांढरी होती. या सगळ्यात वीस मिनिटं गेली, आणि आमच्या पुढे आणखी तीसेक माणसं जाऊन उभी राहिली होती.

रांग हलायची म्हणजे एक पाऊल. पहिल्या खिडकीवर फी भरायची आणि पावती घ्यायची. दुसऱ्या खिडकीवर पावती, अर्ज, फोटो आणि पासपोर्ट द्यायचे, मग ते व्हिसाचं स्टिकर लावतात. त्यानंतर पुढच्या दालनात शिक्का, आणि तिथे वेगळी रांग. काही लोक पावती न घेताच दुसऱ्या खिडकीशी जायचे आणि परत पाठवले जायचे. त्यांच्याकडे पाहून मला जरा बरं वाटत होतं, हे कबूल करते. आपलं सगळं व्यवस्थित आहे, असा माणसाला उगाच एक ताठा असतो.

तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही पहिल्या खिडकीशी पोचलो. मी दोन्ही पासपोर्ट आणि दोन्ही नोटा आत सरकवल्या. आतल्या माणसाने खालची नोट उजेडाकडे धरून पाहिली आणि बाजूला ठेवली. वरची उलटसुलट केली, कडेला बोट ठेवलं आणि काचेखालून परत केली.

"ही नाही."

कडेला निळ्या शाईत एक बारीक आकडा होता. दोन. त्याला गोल केलेला आणि खाली माझी आद्याक्षरं.

गड्डी मोजून झाली की वरच्या नोटेवर आकडा घालायचा, ही पतपेढीतली माझी सवय. नोटांवर लिहू नये अशी सूचना आमच्या भिंतीवर वीस वर्षं लटकत होती, तिच्याखाली बसूनच मी लिहायची. घरी पाकिटात ठेवताना या नोटा मी मोजल्या असणार. दोन नोटा. दोन नोटा कोण मोजतं आणि मोजून वर सही कोण करतं, ते आता काचेपलीकडच्या माणसाला कसं समजावणार?

"खरी आहे हो," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं. "फक्त पेनाची रेघ आहे."

"लिहिलेली, फाटलेली, जुनी, कुठलीच नाही. बँक आमच्याकडून घेत नाही."

"कार्ड?"

"रोख. मशीन शिक्क्याच्या पलीकडे आहे."

"मग आम्ही पलीकडे जायचं कसं?"

त्याने खांदे उडवले. वाईट माणूस नव्हता. दिवसाला दहा जण हेच विचारत असतील. "एक नोट आहे, एक पावती मिळेल. कोणाची?"

भावजय माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, तुम्ही जा. तुम्हालाच बघायचं असेल त्यांना. मला बघून काय करणार आहेत?"

माझ्याबद्दल पुढे घरात सगळ्यांचा असा समज झाला की मी मोठ्या मनाने मागे राहिले. तसं काहीही नव्हतं. मी माझा पासपोर्ट पुढे सरकवला होता. एकदाही "नाही गं, तूच जा" म्हटलं नव्हतं. खिडकीतल्या माणसाने माझ्या हातातलं इस्पितळाचं पत्र मागितलं, ते वाचलं आणि विचारलं, "पत्नी कोण?"

भावजयीने हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"अतिदक्षता विभागात फक्त यांना सोडावं, असं लिहिलंय. तुम्ही बहीण ना? तुम्ही पोचलात तरी दारातच थांबावं लागेल."

ते पत्र मी प्रवासात चार वेळा वाचलं होतं. 'पत्नीस' हा शब्द मला दिसलाच नव्हता. मी पासपोर्ट मागे ओढला आणि तिचा पुढे केला.

स्टिकर लागल्यावर तिने पट्ट्यापलीकडून विचारलं, "मी बाहेर मशीनमधून पैसे काढून आत पाठवू का?"

शेजारी उभ्या सुरक्षारक्षकाने मान हलवली. त्या बाजूने या बाजूला काही येत नाही. शिवाय मशीनमधून इथलेच पैसे येणार, ते डॉलर करायला आणखी एक रांग. "तू जा," मी म्हटलं. "टॅक्सी पकड. माझं मी बघते." तिच्या खांद्यावरून पिशवी घसरत होती, ती तशीच धरून ती शिक्क्याच्या दालनाकडे पळाली. त्या वयात बाईमाणूस पळताना चांगलं दिसत नाही. मला मात्र ती आणखी जोरात पळावी असं वाटत होतं.

मग मी रांगेतल्या माणसांपुढे हात पसरायला सुरुवात केली. ही घ्या, तुमची द्या. एका जोडप्याने नोट हातातही घेतली नाही. टाय लावलेल्या एका माणसाने ती नीट पाहून परत दिली. "मावशी, नोट खरी असेलही. पण माझ्याकडून तरी ती ते का घेतील?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, आणि वर दोन शब्द सुनावले असते. शाई थुंकीने पुसून पाहिली, आकडा पसरून आणखी मोठा झाला. मग बाकावर जाऊन बसले. चार वाजले. सव्वाचार. धाकट्याला मोजायला मीच शिकवलं होतं, चिंचोक्यांवर, ते आठवू नये म्हणून मी रांगेतली माणसं मोजत बसले.

पावणेपाचला पहिल्या खिडकीतला माणूस उठला, आपली पाण्याची बाटली घेऊन गेला आणि त्याच्या जागी एक तरुण बाई येऊन बसली. मी परत रांगेत लागले. रांग आता आखूड होती. बाईने माझा पासपोर्ट घेतला, नोट घेतली, न बघताच गल्ल्यात टाकली आणि पावती फाडून दिली. डोळे तिचे संगणकावरच होते.

दुसऱ्या खिडकीवर स्टिकर लागलं. शिक्क्याच्या रांगेत उभी राहिले आणि फोन केला. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

तिने लगेच उचलला. तिच्या मागे पावलांचे आवाज येत होते.

"ताई, घाई करू नका आता," ती म्हणाली. "सावकाश या. मी बसलेय इथे."

मी "हं" म्हटलं.

"वीस मिनिटं झाली. तुम्हाला आधीच फोन करणार होते. पण म्हटलं, रांगेत असाल, नंबर हुकेल."

"तू पोचलीस तेव्हा…"

"होते. डोळे उघडे होते. मला ओळखलं."

"काही बोलला?"

तिने नाक ओढलं. "ताई कुठेय, म्हणाले. मी म्हटलं, व्हिसाच्या रांगेत आहेत. तर म्हणाले, रांगेत असेल तर येईल ती. मग माझा हात धरला होता. बराच वेळ. तुमचा समजून धरला का माझाच, ते मी विचारलं नाही."

"तुझाच," मी म्हटलं. मला काय ठाऊक होतं? पण म्हटलं.

मागच्या माणसाने हळूच खाकरून पुढची मोकळी जागा दाखवली. मी एक पाऊल पुढे सरकले. पुढे अजून अकरा जण होते.