दोघांच्या गोळ्या

बस चालवणाऱ्या नवऱ्याचं ब्लडप्रेशर पुन्हा चढलेलं पाहून डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवायला पेन उचललं. शेजारी बसलेल्या बायकोला हल्ली कशाचंच काही वाटत नसे, त्यामुळे लाजही वाटली नाही.

"डोस कसला वाढवताय डॉक्टर? हे गोळी घेतातच कुठे! बेसिनमध्ये टाकतात."

नवऱ्याने डोळे वटारले.

"का हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गोळी सुरू झाल्यापासून अंथरुणात जमत नाही," तो भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाला.

त्या हसल्या नाहीत. "मग हे मला सांगायचं. गोळी बदलता येते. आपल्या मनाने बंद केलीत आणि स्टिअरिंगवर झटका आला म्हणजे?" मग त्या बायकोकडे वळल्या. "तुमचीही डिप्रेशनची गोळी चालू आहे ना? तुमचं कसं?"

"माझं पार लाकूड झालंय. इच्छाच होत नाही. वय झालं, दुसरं काय!"

"वय नव्हे, गोळीनेही होतं असं. पण तीही एकदम सोडू नका. डोस कमी करून किंवा गोळी बदलून बघू, हळूहळू."

नवऱ्याने पहिल्यांदाच मान वळवली. "मला वाटलं, तुला मीच नकोसा झालोय."

इथे आपल्याला रडू यायला हवं, हे तिला कळत होतं. तिने वाट पाहिली. डोळे कोरडे ठाक.

"डॉक्टर," तिने विचारलं, "रडू येत नाही, तेही गोळीनेच का?"